कूलर बंद झाल्यावर ऐकू येणारा आवाज

पाऊस नीट धरला की नागपुरातले कूलर बंद होतात. एप्रिलपासून रात्रभर चाललेली घरघर थांबते आणि काही जणांना नेमकं त्याच रात्री कळतं की आपल्या कानात 'किर्रर्र' असं काहीतरी वाजतंय. आवाज बहुतेकदा आधीपासूनच असतो, कूलरखाली दबलेला. पण माणसाला वाटतं, आजच काहीतरी बिघडलं. मग लसूण घालून कडवलेलं तेल कानात जातं, कोणी दृष्ट काढतं, मोबाईलवर 'पंधरा दिवसांत आवाज बंद'च्या गोळ्या दिसायला लागतात. (तेल कानाच्या पडद्याच्या आत जातच नाही आणि पडद्याला भोक असेल तर ते घालणं धोक्याचं आहे. त्या गोळ्यांबद्दल इतकंच की कानातला हा आवाज, म्हणजे टिनिटस, बरा करणारं सिद्ध झालेलं औषध आजतरी नाही.) शेवटी कान-नाक-घशाचे डॉक्टर तपासतात आणि मानसोपचाराची चिठ्ठी देतात, तेव्हा हमखास प्रश्न येतो, "म्हणजे मी वेडा झालो का जी?"

नाही. आवाज खरोखर ऐकू येतो. आतल्या कानातल्या शंखाकृती भागात सूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात. वय, कारखान्यातला गोंगाट, डीजे यांनी त्यातल्या उंच पट्टीच्या पेशी आधी झिजतात. त्या पट्टीचा संदेश कमी पोहोचला की मेंदूतली श्रवणकेंद्रं आपली संवेदनशीलता वाढवतात आणि मज्जातंतूंची स्वतःची कुजबुजही आवाज म्हणून जाणवू लागते, असं आजचं प्रमुख स्पष्टीकरण आहे. ही कुजबुज दुर्मीळ नाही. 1953 मध्ये हेलर आणि बर्गमन यांनी चांगलं ऐकू येणाऱ्या 80 लोकांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं, तर 94 टक्के लोकांनी काही ना काही आवाज ऐकू आल्याचं सांगितलं. असा आवाज ऐकू येणं म्हणजे बिघाड नव्हे, त्रास सुरू होतो तो खोलीबाहेरही तो आवाज शोधत बसलं की.

मला या विषयात सगळ्यात जास्त कुतूहल आहे ते या शोधत बसण्याचं. अजनीला रेल्वेमार्गालगत राहायला आलेल्या कुटुंबाला पहिल्या आठवड्यात प्रत्येक गाडी ऐकू येते, पुढे पाहुण्यांनी विचारल्यावरच आठवते. बिनमहत्त्वाचा, सतत येणारा आवाज मेंदू बाजूला टाकतो. मग टिनिटस का टाकत नाही? हॅलम आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये हाच प्रश्न मांडला, 1990 मध्ये यास्त्रेबॉफ यांनी त्याला मेंदूच्या रचनेची जोड दिली. थोडक्यात उत्तर असं, की ज्या आवाजावर 'धोका' असा शिक्का बसतो, तो बाजूला टाकायची परवानगी मेंदूला नसते. शिक्का बसला की शरीर सावध होतं, छाती धडधडते, आणि सावध शरीराचं लक्ष धोक्याकडेच वळतं. लक्ष वळलं की आवाज ठळक होतो. ठळक झाला म्हणजे वाढला, वाढला म्हणजे आजार बळावला, असा निष्कर्ष निघतो. भीती आणखी वाढते.

एक माणूस घेऊ, अनेकांच्या तक्रारी एकत्र करून बनवलेला. इतवारीत धान्याचं दुकान, वय 52. ऑडिओग्राममध्ये, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखात, उंच पट्टीत श्रवणदोष. त्याचा टिनिटस मोजला तर त्या पट्टीत त्याला जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजापेक्षा फक्त 6 डेसिबलने मोठा भरतो. पण टिनिटसच्या त्रासाच्या 25 प्रश्नांच्या प्रश्नावलीत त्याचे 100 पैकी 64 गुण, म्हणजे त्रास तीव्र. ही विसंगती नेहमीची आहे. मोजलेला आवाज आणि माणसाचा त्रास यांचा मेळ फारसा बसत नाही.

त्याच्या दिवसात काय चालतं बघा. सकाळी डोळे उघडायच्या आधी तो कान तपासतो, आहे का? दुकानात गिऱ्हाईक नसलं की पुन्हा तपासतो. घरातही कापसाचे बोळे घालतो, 'कानाला आराम' म्हणून, त्यामुळे बाहेरचं कमी आणि आतलं जास्त ऐकू येतं. पावसाळ्यातही रात्री कूलरचा पंखा लावूनच झोपतो. मनात पक्कं बसलंय की शांततेत आवाज इतका वाढेल की डोक्यातली नस फुटेल. पंखा कधी बंदच होत नाही, म्हणून हे खोटं असल्याचं त्याला कधी दिसतच नाही. चक्र टिकतं ते या उपायांमुळे.

संज्ञानात्मक वर्तनोपचार, म्हणजे सीबीटी, नेमका इथे हात घालतो. "सकारात्मक विचार करा" असं कोणी सांगत नाही. थेरपिस्ट आधी एक छोटा प्रयोग करवते. दोन मिनिटं फक्त कानातला आवाज ऐका, दहापैकी गुण द्या. तो 8 देतो. आता दोन मिनिटं रस्त्यावरच्या ऑटोंचे आवाज मोजा, मग गुण द्या. तो 4 देतो. कानात काही बदललं नाही, लक्ष बदललं. मग वहीत भाकीत लिहायचं: 'पंखा बंद करून 20 मिनिटं पडलो तर आवाज वाढतच जाईल आणि मला उठावं लागेल, खात्री 90 टक्के.' मग पंखा बंद. पाचव्या मिनिटाला आवाज 9 होतो, छाती धडधडते. इथे उठलं तर भीतीवर शिक्कामोर्तब होतं, म्हणून उठायचं नाही. विसाव्या मिनिटाला तो 6 लिहितो. नस शाबूत. खात्री 50 टक्क्यांवर येते. पुढच्या रात्री पुन्हा, तेच भाकीत, तीच वही. बोळे हळूहळू बंद, सकाळची तपासणी बंद, आणि अंथरुणात झोपेशी झटापट करण्याऐवजी झोपेची ठरावीक वेळ. काही महिन्यांनी प्रश्नावलीत 64 चे 42 होतात. पुन्हा मोजलेला आवाज मात्र तेच 6 डेसिबल.

प्रत्येकाचे गुण इतके उतरतील असं समजू नका. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2020 च्या आढाव्यात सीबीटीचे 28 अभ्यास आणि 2733 रुग्ण होते. काहीच उपचार न मिळालेल्यांच्या तुलनेत सीबीटी घेणाऱ्यांचे गुण सरासरी 11 ने कमी होते. माणसाला स्वतःला फरक जाणवायला साधारण 7 लागतात. पण श्रवणतज्ज्ञाकडून उपचार घेणाऱ्यांशी तुलना केली तर फरक 6 च्या आतच भरला. वर्षभराने किती टिकतं, याचा पुरावा तुटपुंजा आहे. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राचा विचार सोबत हवाच, कारण बाहेरचे आवाज परत मिळाले की आतला बऱ्याचदा मागे पडतो.

आणि सगळ्यांना आधी वर्तनोपचार नकोच. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्यासोबत धडधडत असेल, चक्कर येत असेल, तर आधी नीट तपासणी हवी. एखाद्या दिवशी अचानक कान बंद झाल्यासारखं होऊन ऐकू येणं घटलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्यावरच्या स्टेरॉइड उपचाराला उशीर परवडत नाही.

मारबतीच्या मिरवणुकीत डीजेजवळ उभं राहिलं तर या दुकानदाराचा आवाज दोन दिवस खरोखर वाढेल आणि तपासण्याची जुनी खोड परत येईल. थेरपिस्टने हे शेवटच्या भेटीतच वहीत लिहून घेतलंय: मिरवणुकीत इयरप्लग घालायचे, घरी आल्यावर काढायचे, आणि पंखा बंद करून 20 मिनिटांचा प्रयोग पुन्हा करायचा.