दिवा प्रखर केला तरी इलेक्ट्रॉनची ऊर्जा का वाढत नाही: प्रकाशविद्युत संच वापरणाऱ्या महाविद्यालयांसाठी माहितीपत्रक

आमचा प्रकाशविद्युत परिणामाचा संच ज्या प्रयोगशाळांत वापरला जातो, तेथून दरवर्षी सत्र सुरू झाल्यावर एकाच आशयाची तक्रार येते. नव्या संचात दिव्याचा प्रकाश कमी-जास्त करण्याचा नॉब नाही, आणि दिवा जवळ आणला तरी स्टॉपिंग पोटेन्शियल वाढत नाही, म्हणजे फोटोट्यूब खराब असावी, असे प्राध्यापक कळवतात. काही वेळा संच परतही येतो. अशाच एका संचासोबत विद्यार्थ्याच्या जर्नलचे पान जोडलेले होते आणि त्यावर निष्कर्ष लिहिला होता: ‘प्रकाश जितका तेजस्वी, तितकी बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा जास्त.’ हे उत्तर चूक आहे, पण ते मनाने रचलेले नाही. जुन्या पद्धतीच्या संचावर प्रयोग केल्यास नेमके हेच दिसू शकते, आणि म्हणूनच त्याचा खुलासा सविस्तर करणे आवश्यक वाटते.

प्रथम मूळ मुद्दा. प्रकाशाची तीव्रता म्हणजे एका सेकंदात ठरावीक क्षेत्रफळावर पडणारी एकूण ऊर्जा, आणि वारंवारता म्हणजे त्या प्रकाशाचा रंग ठरवणारी राशी. ही एकूण ऊर्जा फोटॉनच्या रूपाने सुटी सुटी येते. एका फोटॉनची ऊर्जा केवळ वारंवारतेवर ठरते, तर तीव्रता वाढवल्यावर फोटॉनची संख्या वाढते. कॅथोडमधील एक इलेक्ट्रॉन एकच फोटॉन शोषतो, दोन फोटॉनची ऊर्जा जमवून बाहेर पडत नाही. (अत्यंत प्रखर लेझर प्रकाशात असेही घडू शकते, पण हॅलोजन दिव्याच्या बाबतीत तो विचार करण्याचे कारण नाही.) पंगतीत प्रत्येकाला एकच लाडू वाढायचा असेल, तर लाडू जास्त केल्याने जास्त माणसांना लाडू मिळतो, पण कोणाच्याच पानातला लाडू मोठा होत नाही. फोटॉनकडून मिळालेल्या ऊर्जेतील काही भाग धातूबाहेर पडण्यात खर्च होतो आणि उरलेली ऊर्जा इलेक्ट्रॉनच्या वेगात दिसते:

eV₀ = hν − φ

येथे V₀ हे स्टॉपिंग पोटेन्शियल, ν ही वारंवारता आणि φ हे वर्क फंक्शन. या समीकरणात तीव्रतेला जागाच नाही. तीव्रतेचा परिणाम विद्युतधारेवर होतो, कारण धारा म्हणजे दर सेकंदाला पोहोचणाऱ्या इलेक्ट्रॉनची मोजदाद. हे समीकरण आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडले, पण तीव्रता बदलूनही इलेक्ट्रॉनची कमाल ऊर्जा बदलत नाही हे लेनार्ड यांना १९०२ मध्येच प्रयोगात दिसले होते. प्रकाश ही केवळ लाट आहे असे मानले, तर मोठ्या लाटेने इलेक्ट्रॉनला जोराचा धक्का द्यायला हवा. त्यामुळे त्या काळी तो निकाल कोड्यात टाकणारा होता, आणि आजच्या विद्यार्थ्याचे चुकीचे उत्तरही त्याच समजुतीतून येते.

मग जुन्या संचावर स्टॉपिंग पोटेन्शियल खरोखर वाढलेले का दिसते? याचे उत्तर नॉबमध्ये आहे. नॉब फिरवल्यावर दिव्याचा व्होल्टेज वाढतो, तार अधिक तापते, आणि तापलेल्या तारेच्या प्रकाशाचे प्रमाण व रंग ही दोन्ही एकाच वेळी बदलतात. मंद असताना तार तांबूस दिसते आणि पूर्ण व्होल्टेजवर पांढरी दिसते, हे तर डोळ्यांनाच कळते. तारेचे तापमान २००० केल्विनवरून ३००० केल्विनवर गेले, तर ६०० नॅनोमीटरच्या आसपासचा नारिंगी प्रकाश सुमारे ५५ पट वाढतो, आणि त्याच वेळी ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश सुमारे २०० पट वाढतो. मंद दिव्यात निळे आणि जांभळे फोटॉन इतके थोडे असतात की त्यांनी सोडवलेले इलेक्ट्रॉन मीटरवर दिसतच नाहीत, तर प्रखर दिव्यात ते दिसू लागतात, आणि त्यांना अडवण्यासाठी जास्त उलटा व्होल्टेज लावावा लागतो. थोडक्यात, विद्यार्थ्याने आपण तीव्रता बदलली असे लिहिले, पण प्रत्यक्षात त्याने वारंवारतांचे मिश्रणही बदलले होते. वाचन बरोबर होते, त्याचे कारण चुकीचे लिहिले गेले.

फिल्टर लावला म्हणजे ही अडचण संपली असे अनेक जण समजतात, ते पूर्णपणे खरे नाही. साधा रंगीत काचेचा फिल्टर बराच रुंद पट्टा जाऊ देतो. निळ्या काचेतून हिरव्यापासून जांभळ्यापर्यंतचा प्रकाश पार होतो आणि त्या पट्ट्याच्या आतही नॉबचा हाच परिणाम चालू राहतो, फक्त कमी प्रमाणात. याच कारणासाठी आमच्या संचात दिव्याला स्थिर व्होल्टेजचा पुरवठा असतो आणि तीव्रता बदलण्याचे काम अंतरावर सोपवलेले आहे. नॉब काढल्यामुळे खर्च वाचला असा समज एक-दोन ठिकाणी आढळला, पण स्थिर पुरवठ्याचे सर्किट नॉबपेक्षा महाग पडते, हे येथे नमूद करतो.

आता कार्यशाळेत संच पाठवण्यापूर्वी घेतलेली वाचने पाहा. ५४६ नॅनोमीटरचा अरुंद फिल्टर लावून दिवा २० सेंटिमीटरवर ठेवला, तेव्हा शून्य व्होल्टवर धारा ३६० नॅनोअँपिअर होती. उलटा व्होल्टेज ०.२ केल्यावर ती १७० झाली, ०.४ केल्यावर ५४ झाली, आणि ०.६२ व्होल्टवर मीटर शून्यावर आला. दिवा ४० सेंटिमीटरवर नेल्यावर तीच वाचने अनुक्रमे ९०, ४३ आणि १३ अशी आली आणि शून्य पुन्हा ०.६२ व्होल्टवरच मिळाले. अंतर दुप्पट केले की तीव्रता एक चतुर्थांश होते आणि धाराही त्याच प्रमाणात उतरली, परंतु सर्वांत वेगवान इलेक्ट्रॉनला थांबवण्यासाठी लागणारा व्होल्टेज बदलला नाही. अंतर मोजताना ते दिव्याच्या पेटीच्या पुढच्या कडेपासून न मोजता आतल्या तारेपासून मोजावे. पेटीवर लाल खूण त्यासाठीच केली आहे. कडेपासून मोजल्यास धारा बरोबर चौथ्या हिश्शावर येत नाही आणि मग दोष फोटोट्यूबवर ढकलला जातो.

त्यानंतर दिवा २० सेंटिमीटरवरच ठेवून ४३६ नॅनोमीटरचा फिल्टर लावला. धारा पहिल्यापेक्षा कमी आली, तरी स्टॉपिंग पोटेन्शियल १.१९ व्होल्टवर गेले. धारा उतरली आणि ऊर्जा वाढली, ही जोडी विद्यार्थ्याला समोर दाखवली तर तीव्रता आणि वारंवारता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लांब स्पष्टीकरणाशिवाय त्याच्या लक्षात येते. ०.५७ व्होल्टच्या या फरकाला दोन वारंवारतांतील फरकाने, म्हणजे १.३८५ × १०¹⁴ हर्ट्झने भागून इलेक्ट्रॉनच्या प्रभाराने गुणले, तर प्लँकचा स्थिरांक सुमारे ६.५९ × १०⁻³⁴ जूल-सेकंद येतो. मिलिकन यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेले मूल्य ६.५७ होते आणि आज मान्य असलेले ६.६२६ आहे, तेव्हा पदवीच्या प्रयोगशाळेसाठी हे वाचन समाधानकारक मानावे.

एका उलट गैरसमजाचाही येथे उल्लेख करतो. वारंवारता वाढवली की धारा वाढलीच पाहिजे, असेही लिहिलेले आढळते. एक मायक्रोवॅट हिरव्या प्रकाशात (५४६ नॅनोमीटर) दर सेकंदाला सुमारे २.७ लाख कोटी फोटॉन असतात, तर तेवढ्याच निळ्या प्रकाशात (४३६ नॅनोमीटर) सुमारे २.२ लाख कोटी, कारण प्रत्येक निळा फोटॉन अधिक ऊर्जा घेऊन येतो. धारा किती येईल हे यापुढे कॅथोडच्या त्या रंगाच्या संवेदनशीलतेवरही अवलंबून असते.

आमच्या संचावर अंतर बदलूनही स्टॉपिंग पोटेन्शियलमध्ये दोन-तीन शतांश व्होल्टचा फरक दिसल्यास लगेच घाबरू नये. धारेचा आलेख शून्याला तिरक्या रेषेने न छेदता हळूहळू टेकतो, त्यामुळे प्रकाश जास्त असेल तेव्हा त्याची शेपटी मीटरवर थोडी पुढेपर्यंत दिसते. हा मीटरच्या सूक्ष्मतेचा परिणाम आहे, इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचा नाही. खात्री करायची असेल तर प्रत्येक अंतरावरील सर्व धारांना त्याच अंतरावरील शून्य व्होल्टच्या धारेने भागावे. वर दिलेल्या वाचनांत २० सेंटिमीटरवर ०.४७ आणि ०.१५ येतात, ४० सेंटिमीटरवर ०.४८ आणि ०.१४ येतात, म्हणजे दोन्ही आलेख एकमेकांवर बसतात. आलेख असे बसले तर फक्त तीव्रता बदलली आहे. ते एकमेकांपासून दूर सरकले, तर प्रकाशाचा रंग बदलला आहे किंवा बाहेरचा उजेड आत शिरत आहे. बहुतेक वेळा हा उजेड खिडकीतून किंवा शेजारच्या टेबलावरच्या दिव्यातून आलेला असतो. फोटोट्यूबची खिडकी काळ्या कागदाने झाकावी, आणि तरीही मीटरवर धारा उरली तर ती नोंदून प्रत्येक वाचनातून वजा करावी. अॅनोडवर प्रकाश पडल्यास उलट दिशेची लहान धाराही येते, म्हणून प्रकाशाचा ठिपका कॅथोडच्या मध्यावर ठेवावा.

संच परत पाठवण्यापूर्वी या भागाकारांचे दोन स्तंभ आम्हाला पाठवावेत. आलेख एकमेकांवर बसत असतील तर फोटोट्यूब चांगली आहे आणि पाठवणीचा खर्च वाया जाईल. बसत नसतील आणि वरील खबरदारी घेतलेली असेल, तर वॉरंटीच्या काळात ट्यूब आम्ही विनामूल्य बदलून देतो. जागा अपुरी असल्याने ज्यांना दिवा ४० सेंटिमीटरवर नेता येत नाही, त्यांच्यासाठी तारेच्या जाळीच्या चौकटी वेगळ्या मिळतात. जाळी सर्व रंगांना सारख्याच प्रमाणात अडवते, त्यामुळे दिवा न हलवता आणि रंग न बदलता तीव्रता निम्मी किंवा पाव करता येते. ज्यांच्याकडे नॉब असलेला जुना संच आहे त्यांनी नॉब पूर्ण व्होल्टेजवर एकदाच लावून त्यावर चिकटपट्टी लावावी आणि हीच जाळी वापरावी. काचेच्या जुन्या फिल्टरऐवजी १० नॅनोमीटर पट्टारुंदीचे फिल्टरही त्याच खाचेत बसतात, मागणी नोंदवताना फक्त खाचेची जाडी कळवावी.