हिऱ्यातली उष्णता कुठे अडते?

ठाण्यातल्या राम मारुती रोडवर एखाद्या सराफाला हिऱ्याचा खडा दाखवला, की तो पेनासारखं एक छोटं यंत्र बाहेर काढतो. त्याचं तापलेलं बारीक टोक खड्यावर टेकवतो. टोकातली उष्णता खडा किती झटपट ओढून घेतो, एवढंच ते यंत्र पाहतं. काचेवर ते गप्प बसतं, हिऱ्यावर लगेच वाजतं. (हिऱ्यासारखा दिसणारा मॉइसनाइट खडाही उष्णता चांगली वाहून नेतो, त्यामुळे आता वेगळी विद्युत चाचणीही करतात.)

नेहमीच्या तापमानाला हिरा तांब्याच्या जवळपास पाचपट उष्णता वाहून नेतो. तांब्यात हे काम मोकळे इलेक्ट्रॉन करतात. हिऱ्यात ते नाहीत, तिथे अणूंची थरथरच लाटांच्या रूपाने पुढे सरकते. या लाटांच्या पुडक्यांना फोनॉन म्हणतात. उष्णता किती वाहील हे तीन गोष्टींवर ठरतं: फोनॉन एकूण किती उष्णता साठवतात, किती वेगाने धावतात आणि टक्कर होईपर्यंत किती अंतर जातात. २७ अंश सेल्सिअसला हे अंतर सरासरी काढलं तर मिलिमीटरच्या काही दहाहजारांशाएवढं येतं.

पण प्रत्येक टक्कर अडवतेच असं नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. दोन मंद फोनॉन एकत्र येऊन तिसरा झाला, तर तो त्यांची एकत्रित दिशा पुढे नेतो आणि ओघ चालूच राहतो. दोघे जोरकस असतील तर मात्र तिसऱ्याची तरंगलांबी अणूंमधल्या अंतराच्या मानाने फारच आखूड व्हायला हवी. इतकी आखूड लाट अणूंच्या जाळीत मावतच नाही. अणू तीच हालचाल उलट दिशेने जाणाऱ्या लांब लाटेसारखी करतात आणि उरलेला धक्का सगळा स्फटिक झेलतो. ओघ खऱ्या अर्थाने अडतो तो इथे. भौतिकशास्त्रज्ञ रुडॉल्फ पायर्ल्स यांनी १९२९ साली या टकरींना ‘उमक्लाप’ नाव दिलं.

हिरा थंड करत गेलं की असे जोरकस फोनॉन झपाट्याने विरळ होतात. उरलेले दूरवर धावतात आणि वहन वाढत जातं. उणे २०० अंशांच्या आसपास नैसर्गिक हिऱ्यात ते शिखर गाठतं. त्याहून थंड केलं तर फोनॉन सरळ खड्याच्या कडेवर आपटतात. आता अंतर खड्याच्या जाडीपलीकडे वाढू शकत नाही, उष्णता साठवण मात्र निरपेक्ष तापमानाच्या घनाप्रमाणे घसरते. १० केल्विनवरून ५ केल्विनवर आलं, की वहन आठव्या हिश्श्यावर येतं.

कडाच अडवतात हे तपासायची सोपी रीत आहे: त्याच स्फटिकाची बारीक कांडी कापा. अतिथंड अवस्थेत तिचं वहन जाडीच्या प्रमाणात उतरतं, खोलीच्या तापमानाला मात्र फरक पडत नाही.

शिखराची उंची तिसऱ्याच गोष्टीवर ठरते. नैसर्गिक कार्बनमध्ये सुमारे १.१ टक्के अणू जड, म्हणजे कार्बन-१३ असतात आणि त्यांच्यावर आपटून फोनॉन विखुरतात. १९९३ साली हे प्रमाण ०.१ टक्क्यावर आणलेल्या कृत्रिम हिऱ्यात १०४ केल्विनला दर मीटर दर केल्विन ४१,००० वॅट इतकं वहन मोजलं गेलं.