कोपर वर ठेवायचं की खाली?

टेबलावर बसवलेला एक छोटा यांत्रिक हात घेऊ. खांद्यापासून कोपरापर्यंतचा दांडा ३० सेंमी, कोपरापासून मनगटापर्यंतचा २० सेंमी. दोन्ही सांध्यांत एकेक मोटर, आणि सगळी हालचाल एकाच उभ्या प्रतलात. मनगट खांद्यापासून ४० सेंमी पुढे आणि १० सेंमी वर न्यायचं आहे. मोटरला मात्र सेंटिमीटर समजत नाहीत, तिला अंश सांगावे लागतात. हव्या त्या जागेवरून सांध्यांचे कोन काढण्याच्या या उलट्या हिशेबाला इन्व्हर्स कायनेमॅटिक्स म्हणतात. आपल्या हातापुरता तो शाळेतल्या त्रिकोणमितीत सुटतो.

खांदा, कोपर आणि मनगट मिळून एक त्रिकोण होतो. त्याच्या दोन बाजू ठाऊक आहेत. तिसरी, म्हणजे खांद्यापासून मनगटापर्यंतचं सरळ अंतर, पायथागोरसने मिळते: १६०० अधिक १०० म्हणजे १७००, त्याचं वर्गमूळ सुमारे ४१.२ सेंमी. तिन्ही बाजू हातात आल्या की कोसाइनचा नियम कोपरातला कोन देतो. ९०० अधिक ४०० वजा १७०० म्हणजे उणे ४००. त्याला २ × ३० × २० म्हणजे १२०० ने भागलं की उणे एक तृतीयांश. हा कोसाइन १०९.५ अंशांचा. म्हणजे सरळ रेषेपासून कोपर ७०.५ अंश वाकवायचं.

पण कुठल्या बाजूला? कोसाइन हे सांगत नाही, कारण अधिक ७०.५ आणि उणे ७०.५ या दोन्ही कोनांचा कोसाइन एकच. हाच त्रिकोण खांदा-मनगट रेषेवर आरशासारखा उलटवला तरी बाजू त्याच राहतात. ही रेषा जमिनीशी १४ अंश करते, आणि खांद्यापाशी त्रिकोणाचा कोन २७.२ अंश येतो. कोपर वर हवं असेल तर दोन्हींची बेरीज, खांदा ४१.२ अंशांवर, खाली हवं असेल तर वजाबाकी, खांदा उणे १३.२ अंशांवर. प्रोग्रॅममध्ये ही निवड एका चिन्हात मावते. `x` म्हणजे पुढचं अंतर, `y` वरचं, `L1` आणि `L2` दांड्यांच्या लांब्या, `c2` कोपर सरळ रेषेपासून जितकं वाकतं त्या कोनाचा कोसाइन, `th1` खांद्याचा कोन आणि `th2` कोपराचा:

```
c2 = (x*x + y*y - L1*L1 - L2*L2) / (2*L1*L2)
s2 = k * sqrt(1 - c2*c2)
th2 = atan2(s2, c2)
th1 = atan2(y, x) - atan2(L2*s2, L1 + L2*c2)
```

`k` उणे एक ठेवलं की कोपर वर, अधिक एक ठेवलं की खाली. `atan2` कोन रेडियनमध्ये देतं, म्हणून मोटरला सांगण्याआधी त्याचे अंश करून घ्यायचे.

गणिताच्या दृष्टीने दोन्ही उत्तरं सारखीच खरी. फरक पडतो तो टेबलामुळे. आपला खांदा टेबलापासून ५ सेंमी उंचीवर आहे असं धरा. खालच्या उत्तरात कोपर खांद्याच्या ६.८ सेंमी खाली जातं, म्हणजे टेबलाच्या पृष्ठभागाखाली! वरच्या उत्तरात ते खांद्याच्या जवळपास २० सेंमी वर, मोकळ्या हवेत राहतं. म्हणून प्रत्येक उत्तरासाठी कोपराची जागा काढून पाहायची आणि सांधा तेवढा वळतो का, तेही तपासायचं.

दोन्ही उत्तरं चालण्यासारखी असतील, तर माझ्या मते एकच नियम पाळावा: हात आत्ता ज्या बाजूला आहे, तीच धरून ठेवायची. खरा घोळ होतो तो मार्गावरच्या प्रत्येक बिंदूला नव्याने निवड केल्यावर. मनगटाला फक्त एक मिलिमीटर सरकायचं असतं, पण निवड पालटली की कोपराला १४१ अंशांची उडी घ्यायची आज्ञा जाते. हात हिसका देतो आणि मनगट मार्ग सोडून भलतीकडे फिरतं. कोनांचा आलेख काढला तर ही जागा लगेच दिसते: सलग रेषा अचानक तुटून शून्याच्या पलीकडे गेलेली असते.

दोन्ही उत्तरं एकमेकांना भेटतात ती हात पूर्ण ताणला की, ५० सेंमीवर. तिथे कोपर शून्य अंशावर असतं, आणि तिथून मनगट सरळ मागे फक्त एक मिलिमीटर आणायचं तर कोपराला ७.४ अंश वाकावं लागतं. आपल्या ४१.२ सेंमीच्या जागी तेवढ्याच सरकण्याला ०.४ अंश पुरतात. त्यामुळे ताणलेल्या हाताने सरळ रेषेत काम करू पाहिलं तर मोटरला तो वेग झेपत नाही. ५० च्या पलीकडचा किंवा १० सेंमीच्या आतला बिंदू दिला तर `c2` एकच्या पुढे किंवा उणे एकच्या खाली जातो आणि वर्गमुळात ऋण संख्या येते. तो बिंदू आधीच नाकारायला हवा.

जपानमधल्या यामानाशी विद्यापीठात हिरोशी माकिनो यांनी १९७८ मध्ये घडवलेल्या स्कारा रोबोचे पहिले दोन दांडे असेच आहेत, फक्त आडव्या प्रतलात फिरणारे. तिथे वर-खाली नसतं, म्हणून डाव्या हाताची की उजव्या हाताची मांडणी असं म्हणतात. एकीतून दुसरीत जायचं तर हात सहसा एकदा पूर्ण सरळ करावा लागतो. त्यासाठी त्याला आधी अशा ठिकाणी न्यावं लागतं, जिथे ताणलेल्या हाताच्या वाटेत काही येणार नाही.