कोशातील रूपांतरण (फुलपाखरू)

सुरवंटाच्या शरीरातील बऱ्याच ऊती मोडून, त्यांच्याच द्रव्यातून प्रौढ फुलपाखराचे शरीर घडण्याच्या क्रियेस कोशातील रूपांतरण म्हणतात. कोशात सुरवंटाचा निव्वळ रस होतो आणि त्यातून फुलपाखरू नव्याने जमते, हा समज सर्वत्र आढळतो, पण तो खरा नाही. कोवळा कोश फुटल्यावर वाहणाऱ्या पातळ द्रवात रक्तद्रव आणि विघटन पावणाऱ्या ऊती असतात. मात्र त्याच वेळी अनेक अवयव जागच्या जागी शाबूत असतात.

महाराष्ट्रात रुईच्या झाडावर सहज सापडणाऱ्या प्लेन टायगर फुलपाखराचे उदाहरण घेता येईल. पूर्ण वाढलेल्या सुरवंटात बाल्यावस्था टिकवणाऱ्या ज्युव्हेनाइल हार्मोनचे प्रमाण घटते, आणि मग एक्डायसोन हे कात टाकायला लावणारे संप्रेरक स्रवले, की तो खाणे सोडतो, रेशमाच्या गादीला मागच्या टोकाने उलटा लटकतो आणि शेवटची कात टाकतो. त्या कातीखाली कोश तयारच असतो. ताज्या कोशाच्या बाजूंवर पंखांची रेघ स्पष्ट दिसते, कारण पंख कोशात प्रथमच उगवत नाहीत. सुरवंटाच्या छातीत इमॅजिनल डिस्क नावाचे पेशींचे छोटे पुंजके आधीपासून वाढत असतात आणि कोश होताना ते उलटून बाहेर येतात.

पुढच्या दिवसांत सरपटण्याचे स्नायू आणि पाने पचवणाऱ्या आतड्याच्या पेशी मरतात. त्यांच्या अवशेषांतून आणि चरबीच्या साठ्यातून नव्या पेशींना अन्न मिळते, कारण कोश बाहेरून काहीच खात नाही. हृदयनलिका मात्र धडधडत राहते. मज्जासंस्थाही नष्ट न होता नव्याने जुळवली जाते. पेंटेड लेडी या फुलपाखराच्या जिवंत कोशांचे २०१३ साली क्ष-किरणांनी त्रिमित चित्रण झाले, तेव्हा सुरुवातीच्या काळातही श्वासनलिकांचे जाळे स्पष्ट दिसले. सुरवंट असताना शिकलेले काही टिकते का, हेही २००८ साली तंबाखूवरील एका पतंगावर तपासले गेले: शेवटच्या अवस्थेत विशिष्ट वास टाळायला शिकलेल्या सुरवंटांपैकी अनेकांनी प्रौढपणीही तो टाळला.

पंखांवरील खवल्यांत रंग अगदी शेवटी भरतो. बाहेर येण्याच्या आदल्या दिवशी प्लेन टायगरचा कोश पारदर्शक होऊन आतले नारिंगी पंख दिसू लागतात. त्याऐवजी कोश सरसकट काळवंडला, नरम पडला किंवा त्यावर बारीक छिद्रे दिसली, तर तो रोगाने किंवा परजीवी माशी-गांधीलमाशीच्या अळ्यांनी मेला असण्याची शक्यता असते.

कोश उकलल्यावर फुलपाखरू लटकून मऊ, चुरगळलेल्या पंखांच्या शिरांत रक्तद्रव ढकलते आणि साठलेला टाकाऊ द्रव बाहेर टाकते. या वेळी लटकायला जागा मिळाली नाही किंवा ते खाली पडले, तर पंख वाकडेच वाळतात. प्रौढ फुलपाखरू पुन्हा कात टाकत नसल्याने असे व्यंग नंतर भरून येत नाही.