वारंवारता सारणीची तपासणी (सीमाभागातील मराठी शाळा)

वर्गांत विभागलेल्या आकडेवारीवरून विद्यार्थ्याने काढलेले मध्य, मध्यक आणि बहुलक बरोबर आहेत का, आणि त्यासाठी भरलेला संचित वारंवारतेचा रकाना कुठे घसरला आहे का, हे पाहण्याचे काम. दहावीच्या गणितात सांख्यिकी हा धडा असतो. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळांतली मुले कर्नाटकाची एस.एस.एल.सी. परीक्षा मराठीतून देतात, त्यामुळे या धड्याचे वर्कशीट तिथे दरवर्षी गठ्ठ्याने तपासले जाते. ही तपासणी उत्तराशेजारी बरोबर-चूक करून संपत नाही. रकाना चुकूनही उत्तर बरोबर येऊ शकते. उलट, चुकलेले उत्तर अगदी बरोबर असल्यासारखे दिसू शकते.

सीमाभागात तपासणाऱ्याला आधी शब्दांचा घोळ निस्तरावा लागतो. मराठी पुस्तकातली वारंवारता कन्नडमध्ये ‘आवृत्ति’ होते आणि संचित वारंवारता ‘संचित आवृत्ति’ होते. इथवर फारसे बिघडत नाही. खरी गफलत मध्यकाच्या नावात आहे. कन्नडमध्ये मध्यकाला ‘मध्यांक’ म्हणतात, आणि मराठी कानाला तो शब्द ‘मध्य’च्या जवळचा वाटतो. ज्या घरात थोरला भाऊ कन्नड माध्यमात शिकला आणि धाकटा मराठीत शिकतो, तिथे भावाने ‘मध्यांक काढ’ म्हणून सांगितले की धाकटा मध्य काढून मोकळा होतो. मराठीतही मध्य आणि मध्यक यांत एका ‘क’चाच फरक आहे, आणि घाईच्या अक्षरात तो ‘क’ गळतो. म्हणून उत्तर न जुळल्यास ते दुसऱ्या प्रश्नाचे बरोबर उत्तर तर नाही ना, हे आधी पाहावे. तसे असेल तर आकडेमोड चुकलेली नाही, नाव चुकले आहे, आणि मुलाला तेवढेच सांगायचे असते.

एक सारणी

बेळगाव जिल्ह्यात उसाचा विषय घरोघरी असतो, म्हणून सरावासाठी रचलेली ही सारणी उसाचीच घेतली आहे. पन्नास शेतकऱ्यांचे एकरी उत्पादन टनांत दिले आहे.

| उत्पादन (टन) | वारंवारता | संचित वारंवारता |
|---|---|---|
| १०–२० | ४ | ४ |
| २०–३० | ९ | १३ |
| ३०–४० | १५ | २८ |
| ४०–५० | १२ | ४० |
| ५०–६० | ७ | ४७ |
| ६०–७० | ३ | ५० |

वर्गमध्य आणि वारंवारता यांच्या गुणाकारांची बेरीज १९३० येते, म्हणून मध्य ३८.६ टन. एकूण ५०, त्याचे निम्मे २५. संचित रकान्यात २५ ओलांडणारा पहिला वर्ग ३०–४० आहे, म्हणून तो मध्यक वर्ग. मध्यकाचे सूत्र असे:

```
l + ((n/2 − cf) / f) × h
```

इथे l म्हणजे मध्यक वर्गाची खालची मर्यादा, n म्हणजे एकूण वारंवारता, f म्हणजे मध्यक वर्गाची वारंवारता, h म्हणजे वर्गरुंदी, आणि cf म्हणजे मध्यक वर्गाच्या आधीच्या वर्गाची संचित वारंवारता, म्हणजे १३. पंचवीसातून तेरा गेले, बारा उरले. वर्गात पंधराजण आहेत आणि आपल्याला बाराव्यापर्यंत जायचे आहे, म्हणजे दहा टनांच्या वर्गात चार पंचमांश अंतर पुढे. मध्यक ३८ टन. बहुलक वर्गही तोच आहे. सूत्रात १५, आधीचे ९ आणि नंतरचे १२ घातले की बहुलक ३६.६७ येतो.

संचित रकान्याची घसरण

समजा मुलाने १३ मध्ये १५ मिळवताना २७ लिहिले. मग खालचे आकडे ३९, ४६, ४९ होतात. शेवटी ५० यायला हवे होते आणि आले ४९. पण मध्यक काढताना लागणारे १३ हे चुकीच्या वर आहे, म्हणून मध्यक ३८ बरोबरच येतो. नुसते उत्तर पाहणारा तपासनीस इथे पूर्ण गुण देऊन पुढे जातो. तोच मुलगा पुढच्या सारणीत मध्यक वर्गाच्या वर घसरला की त्याला आपले काय चुकले ते कळत नाही, कारण मागच्या वेळी कोणी दाखवलेलेच नसते.

आता घसरण वर झाली असे धरू. चार आणि नऊ चौदा धरले. रकाना ४, १४, २९, ४१, ४८, ५१ असा जायला हवा, आणि शेवटच्या ५१ वरून चूक लगेच पकडता येईल. पण वहीत बहुतेक वेळा ५१ दिसत नाही. तिथे ५० असते. वर्गात असा संवाद नेहमी होतो:

“अठ्ठेचाळीस आणि तीन किती रे?”

“एक्कावन्न, सर.”

“मग खाली पन्नास कुठनं आलं?”

“एकूण पन्नासच हाय की, म्हणून पन्नास लिहिलो.”

मुलगा लबाडी करत नसतो. शेवटचा आकडा एकूण संख्येइतका आला पाहिजे, हे त्याला कोणीतरी नीट शिकवलेले असते आणि तो ते इमानाने पाळतो. पण त्यामुळे शेवटचा आकडा जुळतो का एवढे पाहणे निरुपयोगी ठरते. मध्यक मात्र ३७.३३ आलेला असतो. तो वर्गाच्या आत बसतो, ३८ च्या जवळ असतो, आणि पाहणाऱ्याला शंका येत नाही.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे रकाना खालून वर वजा करत जाणे. ५० मधून ४८ गेले, उरले २. शेजारी वारंवारता ३ आहे, म्हणजे इथे काहीतरी झाकले आहे. ४८ मधून ४१ गेले ७, जुळले. मग १२ जुळले, १५ जुळले. १४ मधून ४ गेले १०, आणि शेजारी ९ आहे. दोन ठिकाणी फरक सापडला: वरचा मूळ घसरणीचा, खालचा ती झाकल्याचा. वजाबाकीने प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे तपासली जाते, म्हणून एकमेकांना खोडणाऱ्या दोन चुकाही लपत नाहीत. सहा ओळींच्या सारणीला अर्धा मिनिट पुरतो. माझ्या मते मुलांना ही वजाबाकी सूत्राच्या आधी शिकवावी.

अंकांच्या लिपीमुळेही या रकान्यात चूक होते. गणिताच्या तासाला इंग्रजी अंक आणि घरच्या वहीत मराठी अंक असे चालते तिथे उतरवताना मराठी १ चा इंग्रजी नऊ होतो आणि मराठी ४ चा इंग्रजी आठ. फरक नेमका तसा असेल तर बेरीज तपासत बसण्यापेक्षा मूळ सारणीशी ताडून पाहणे बरे.

मध्यक: रकाना बरोबर, उत्तर चूक

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे cf साठी मध्यक वर्गाचीच संचित वारंवारता घेणे. १३ ऐवजी २८ घेतले की २५ उणे २८ म्हणजे उणे तीन येते आणि मध्यक २८ होतो. मध्यक वर्ग ३०–४० आणि मध्यक २८, हे शक्य नाही. पण ऋण संख्या पाहून बिचकलेला मुलगा वजाबाकी उलटी करतो, २८ मधून २५ घालवतो, आणि ३२ लिहितो. हे उत्तर वर्गाच्या आत आहे, म्हणून निसटते. वर्गरुंदीने गुणायचे राहिले की ३०.८ येते, आणि तेही आतच पडते.

दोन्हींना एकच प्रश्न विचारावा: वर्गात किती आत जायला हवे होते? पंधरापैकी बारा पार करायचे असतील तर उत्तर वर्गाच्या वरच्या टोकाकडे हवे. ३२ आणि ३०.८ ही उत्तरे दारातच थांबली आहेत.

या सारणीत मात्र एक उणीव आहे. मध्यक वर्ग आणि बहुलक वर्ग एकच आले आहेत, त्यामुळे ‘सर्वांत मोठी वारंवारता असलेला वर्ग तोच मध्यक वर्ग’ असे समजणारा मुलगा इथे पूर्ण गुण घेऊन जातो. म्हणून तिसऱ्या आणि चौथ्या वर्गाच्या वारंवारता अदलाबदल करून दुसरी सारणी द्यावी: ४, ९, १२, १५, ७, ३. आता बहुलक वर्ग ४०–५० झाला, बहुलक ४२.७३. संचित रकाना ४, १३, २५, ४० असा जातो, आणि तिसऱ्या ओळीवर नेमके २५ येतात. कोणी ३०–४० हा मध्यक वर्ग धरतो, कोणी ४०–५०. पहिल्यात ३० अधिक १०, दुसऱ्यात ४० अधिक शून्य. दोघांचेही उत्तर ४० येते आणि दोघांनाही गुण द्यावेत. फक्त ४०–५० घेणाऱ्याने तो कशावरून निवडला, हे त्याला विचारून घ्यावे, कारण मोठी वारंवारता पाहून निवडला असेल तरी कागदावर फरक दिसत नाही.

मध्य आणि बहुलक

मध्याची चूक तिच्या आकारावरून ओळखता येते. वर्गमध्याऐवजी वरची मर्यादा घेतली तर उत्तर नेमके अर्ध्या वर्गरुंदीने वाढते, म्हणजे ४३.६. खालची घेतली तर ३३.६. गृहीत मध्य ३५ धरून पायरी विचलन पद्धतीने सोडवताना १८ भागिले ५० म्हणजे ०.३६ येते. त्याला दहाने गुणायचे राहिले की ३८.६ ऐवजी ३५.३६. सहा वर्ग म्हणून सहाने भागणारा ३२१.६७ वर पोचतो. एकरी तीनशे टन ऊस कुठे निघतो का, एवढे विचारले की उसाच्या गावातला मुलगा स्वतःच खोडतो.

बहुलकात काहीजण १५ हे उत्तर लिहितात, म्हणजे टनांऐवजी शेतकऱ्यांची संख्या. त्याहून अवघड चूक शेजारच्या वारंवारता उलट घेण्याची. ९ आणि १२ ची अदलाबदल झाली तरी छेद ९ च राहतो, उत्तर ३३.३३ येते आणि वर्गातच बसते. बहुलक नेहमी मोठ्या शेजाऱ्याकडे झुकतो. इथे नंतरचा शेजारी मोठा आहे, म्हणून बहुलक ३५ च्या पुढे हवा.

तिन्ही उत्तरे एकत्र ताडण्यासाठी ‘बहुलक म्हणजे सुमारे तीन मध्यक उणे दोन मध्य’ हा संबंध वापरतात. पहिल्या सारणीत त्यातून ३६.८ येते, ३६.६७ च्या अगदी शेजारी. घसरलेल्या ३७.३३ वरून मात्र ३४.८ येते, आणि शंका घ्यायला जागा मिळते. पण दुसऱ्या सारणीत सगळे बरोबर असूनही ४१.६ विरुद्ध ४२.७३ असा एक टनाहून जास्त फरक राहतो. हा संबंध अंदाजाचा आहे. त्यावरून पुन्हा तपासायला घ्यावे, गुण कापू नयेत.

रकान्यात एकदा घसरलेल्या मुलाने पुढे त्याच चुकीच्या आकड्यांवर सूत्र नीट चालवले असेल, तर गुण घसरणीचे एकदाच जावेत. चौदा धरून ३७.३३ पर्यंत पोचलेल्या मुलाला सूत्र येते. त्याच्या वहीत १४ भोवती गोल करावा, खालच्या ५० भोवतीही करावा, आणि दोन्हींशेजारी वजाबाकी लिहून ठेवावी.