‘सी’नंतर भविष्यकाळ? नाही!

‘उद्याच्या पावसाबद्दल बोलायचं म्हणजे फ्रेंचमध्ये भविष्यकाळच लागणार ना? मग ‘उद्या पाऊस पडला तर’ म्हणताना “सिल प्लव्रा दमँ” का चुकतं?’

चुकतं, कारण अंदाज आणि अट या वेगळ्या गोष्टी आहेत. अंदाज सांगताना भविष्यकाळ बरोबरच आहे: ‘इल प्लव्रा दमँ’, उद्या पाऊस पडेल. पण त्याच पावसावर बेत अवलंबून असला, की ‘सी’ म्हणजे ‘जर’ येतो आणि त्याच्यापुढे वर्तमानकाळ लागतो. ‘सिल प्लो दमँ, ऑं रेस्त्रा आ ला मेझों’, उद्या पाऊस पडला तर आपण घरीच राहू. भविष्यकाळ फक्त बेताच्या अर्ध्या भागात, ‘रेस्त्रा’मध्ये आहे.

मराठी माणसाला हे खरं तर परकं वाटू नये. आपण तरी कुठे ‘पडेल तर’ म्हणतो? ‘पडला तर’ म्हणतो, चक्क भूतकाळी रूप, तेही उद्यासाठी!

या गैरसमजाची मला वाटतं खरी मुळं ‘काँ’ म्हणजे ‘जेव्हा’मध्ये आहेत, कारण तिथे भविष्यकाळ चालतोच. ‘काँ तिल फरा बो, ऑं सॉर्तिरा’, हवा छान असेल तेव्हा बाहेर पडू. इथे हवा कधीतरी छान होणार हे गृहीत आहे, फक्त वेळ ठरायची आहे.

आणखी एक ‘सी’ मात्र भविष्यकाळ घेतो: ‘ज न से पा सिल प्लव्रा’, पाऊस पडेल की नाही माहीत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. मराठीत ‘तर’ आला तर वर्तमानकाळ, ‘की नाही’ आलं तर भविष्यकाळ चालतो.