एलेनाची सकाळ: एवढुसं ‘से’ बसतं कुठे?

मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरातली एक सकाळ. गोष्ट अगदी छोटी आहे, स्पॅनिशच्या नवशिक्यांसाठी मीच रचलेली. उच्चार देवनागरीत देतो आहे. लिहिताना ‘व्ही’ असलेलं अक्षर स्पॅनिशमध्ये ‘ब’ असंच उच्चारलं जातं, म्हणून ‘लेवान्ता’ न लिहिता ‘लेबान्ता’ लिहिलं आहे.

“एलेना से देस्पिएर्ता आ लास सेइस, पेरो नो से लेबान्ता.
‘लेबान्ताते!’ ग्रिता सु मामा.
‘या मे एस्तोय लेबान्तान्दो,’ दिसे एलेना, इ से दुएर्मे ओत्रा बेस.
आ लास सेइस इ मेदिआ से बान्या, से लाबा लोस दिएन्तेस इ से बिस्ते. किएरे पेइनार्से, पेरो नो एन्कुएन्त्रा एल पेइने.
‘नो ते पेइनेस,’ दिसे सु एर्मानो, ‘से ते बा आ इर एल कामिओन.’
एलेना से पोने लोस सापातोस, देस्पिएर्ता आल गातो इ से बा.”

म्हणजे असं: एलेनाला सहाला जाग येते, पण ती उठत नाही. “ऊठ!” आई ओरडते. “उठतेच आहे,” म्हणते आणि पुन्हा झोपी जाते. साडेसहाला आंघोळ करते, दात घासते, कपडे घालते. केस विंचरायचे असतात, पण कंगवा सापडत नाही. “नको विंचरूस,” भाऊ म्हणतो, “बस जाईल तुझी.” एलेना बूट घालते, मांजराला उठवते आणि निघून जाते. (कामिओन म्हणजे मेक्सिकोत बस. स्पेनमध्ये त्याच शब्दाचा अर्थ ट्रक, तेव्हा तिथे हे वाक्य जपून वापरावं.)

आता मूळ गोष्टीतले ‘से’, ‘ते’, ‘मे’ मोजा. चौदा निघतात. मराठी भाषांतरात त्यांच्या जोडीला एकही ‘स्वतःला’ आलेला नाही. मग स्पॅनिशला ते कशाला लागतात?

उत्तर मांजरापाशी आहे. ‘देस्पिएर्ता आल गातो’ म्हणजे मांजराला उठवते, आणि तिथे ‘से’ नाही. ‘से देस्पिएर्ता’ म्हणजे स्वतःच जागी होते. स्पॅनिशमध्ये ‘देस्पेर्तार’ या क्रियापदाचा मूळ अर्थ दुसऱ्याला जागं करणं, ‘लेबान्तार’चा मूळ अर्थ उचलणं, ‘बान्यार’चा न्हाऊ घालणं. ती क्रिया कर्त्यावरच वळली की आत्मवाचक सर्वनाम जोडायचं. मराठीचा प्रवास नेमका उलटा आहे. आपलं मूळ क्रियापद ‘उठणे’. दुसऱ्याला उठवायचं तर त्यात ‘व’ घालून ‘उठवणे’ हे प्रयोजक रूप करावं लागतं. निजणे-निजवणे, बसणे-बसवणे तसंच. आपण दुसऱ्यावर होणाऱ्या क्रियेसाठी जास्तीचा तुकडा लावतो, स्पॅनिश माणूस स्वतःवर होणाऱ्या क्रियेसाठी. म्हणूनच मराठी माणूस स्पॅनिश शिकताना हमखास ‘लेबान्तो आ लास सेइस’ म्हणतो, आणि ऐकणारा वाट बघत बसतो: सहा वाजता तू उचलतोस, पण काय?

दातांच्या बाबतीत मात्र दोन्ही भाषांचं जमतं. ‘से लाबा लोस दिएन्तेस’मध्ये ‘तिचे’ दात असं कुठेही म्हटलेलं नाही. कुणाचे दात हे ‘से’नं आधीच सांगितलं आहे. मराठीतही आपण ‘ती दात घासते’ एवढंच म्हणतो. ‘ती तिचे दात घासते’ म्हटलं तर दुसरी कुणी मुलगी शेजारी उभी आहे की काय असं वाटतं.

आता जागेकडे वळू. चौदापैकी बहुतेक सर्वनामं क्रियापदाच्या आधी, सुटी उभी आहेत. दोनच ठिकाणी ती मागून चिकटली आहेत: ‘लेबान्ताते’ आणि ‘पेइनार्से’. नियम थोडक्यात असा: क्रियापदाला काळ आणि पुरुष यांचे प्रत्यय लागलेले असले तर सर्वनाम आधी. ‘विंचरणं’, ‘विंचरत’ यांसारखं धातुसाधित असलं तर सर्वनाम मागे, जोडून. आणि होकारार्थी आज्ञा असली तरीही मागे, जोडून.

ही सर्वनामं एवढी नियमात का अडकली, याचं कारण आवाजात आहे. त्यांच्यावर आघात पडत नाही. शेजारच्या शब्दाला टेकल्याशिवाय त्यांना उभंच राहता येत नाही. आणि टेकली तरी त्या शब्दाचा आघात ती हलवत नाहीत. ‘लेबान्ता’चा जोर ‘बान’वर असतो, ‘लेबान्ताते’ झाल्यावरही तो तिथेच राहतो. एरवी स्पॅनिश शब्दातला आघात शेवटच्या तीन अक्षरांपलीकडे सहसा जात नाही. पण ‘पोनिएन्दोसेलोस’, म्हणजे ‘ते (बूट) स्वतःला घालत’, यात जोर ‘निएन’वर, शेवटून चौथ्या अक्षरावर आहे. लिहिताना शब्द एकच दिसतो, पण कानाला कळतं की शेवटची दोन अक्षरं पाहुणी आहेत.

तीन भागांच्या नियमात एक गोष्ट मात्र खटकते. ‘लेबान्ताते’ (ऊठ) यात ‘ते’ मागे, पण नकार आला की ‘नो ते पेइनेस’ (विंचरू नकोस) यात तो पुढे! बहुतेक पाठ्यपुस्तकं ‘पाठ करा’ म्हणून पुढे जातात. कारण मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये सापडतं. तेव्हा नियम क्रियापदाच्या रूपाचा कमी आणि वाक्यातल्या स्थानाचा जास्त होता: हे दुबळं सर्वनाम वाक्याच्या अगदी सुरुवातीला येऊ शकत नसे. क्रियापदानंच वाक्य सुरू झालं तर सर्वनाम त्याच्या मागे सरके. आधी ‘नो’सारखा एखादा शब्द असला, तर त्याला टेकून क्रियापदाच्या पुढे येई. आज्ञा बहुधा क्रियापदानंच सुरू होते, म्हणून ‘लेबान्ताते’. नकारात ‘नो’ पुढे उभा असतो, म्हणून ‘नो ते पेइनेस’. आज बाकीच्या वाक्यांतून तो नियम गेला आहे, ‘मे लेबान्तो’ असं वाक्य खुशाल ‘मे’नं सुरू होतं. आज्ञेत तो गोठून राहिला.

शेजारच्या पोर्तुगालमध्ये मात्र तो जिवंत आहे. तिथे ‘मी उठतो’ म्हणजे ‘लेवांतु-मे’, आणि ‘मी उठत नाही’ म्हणजे ‘नाऊं मे लेवांतु’. गोव्यात पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या पिढीला ही अदलाबदल पाठ असायची.

आपल्याला हा नियम याहून जवळून माहीत आहे. “मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि”. गीतेतल्या या चरणात ‘मा’ हा नकार पहिला, आणि त्याला टेकून लगेच ‘ते’. संस्कृतमधली ‘मे’, ‘ते’, ‘नः’ ही छोटी रूपं अशीच दुबळी आहेत. पाणिनीनं अष्टाध्यायीत (8.1.18) ‘अनुदात्तं सर्वमपादादौ’ असं सूत्र घालून ठेवलं आहे. त्याच्या अधिकारात ही रूपं आघाताविना असतात आणि चरणाच्या आरंभी येत नाहीत. 1892 मध्ये याकोब वाकरनागेल या स्विस अभ्यासकानं ग्रीक, संस्कृत, लॅटिन अशा भाषा शेजारी ठेवून दाखवलं की अशा दुबळ्या शब्दांची जुनी जागा वाक्यात दुसरी असते. स्पॅनिशचं ‘ते’ आणि गीतेतलं ‘ते’ हे एकच रूप नव्हे. स्पॅनिशचं लॅटिन द्वितीयेतून आलं आहे, आपलं षष्ठी-चतुर्थीचं आहे. पण घराणं एक, आणि पहिल्या जागी न बसण्याची सवयही एक.

आता गोष्टीवरचे काही प्रश्न. आधी स्वतः सोडवून पाहा.

पहिला: ‘किएरे पेइनार्से’ (तिला विंचरायचं आहे) यातलं ‘से’ आणखी कुठे जाऊ शकेल? एकाच ठिकाणी, सगळ्यांच्या आधी: ‘से किएरे पेइनार’. अर्थ तोच. ‘किएरे से पेइनार’ चालत नाही, मधली जागा स्पॅनिशमध्ये बंद आहे. एलेनाचं ‘या मे एस्तोय लेबान्तान्दो’ही याच चालीनं ‘या एस्तोय लेबान्तान्दोमे’ होऊ शकतं.

दुसरा: हेच वाक्य एलेना स्वतःबद्दल कसं म्हणेल? इथे बरेच जण ‘किएरो पेइनार्से’ म्हणून फसतात, कारण शब्दकोशात क्रियापद ‘पेइनार्से’ असंच छापलेलं असतं. ते ‘से’ शब्दाचा भाग नाही, ते कर्त्याप्रमाणे बदलतं: ‘किएरो पेइनार्मे’.

तिसरा: ‘ओदिआ लेबान्तार्से’, म्हणजे तिला उठायचा तिटकारा आहे. इथे ‘से’ पुढे नेता येईल का? नाही. ऐकणाऱ्याला आधी ‘से ओदिआ’ ऐकू येतं, म्हणजे ती स्वतःचाच तिरस्कार करते, आणि पुढचं ‘लेबान्तार’ लोंबकळत राहतं. ‘हवं असणं’, ‘शकणं’, ‘जाणार असणं’ अशी मदतनीस क्रियापदं सर्वनामाला वर चढू देतात. भावना सांगणारी क्रियापदं देत नाहीत.

चौथा, जरा अवघड: भावाचं ‘से ते बा आ इर एल कामिओन’. यात दोन सर्वनामं आहेत. ‘से’ हा ‘इर्से’ (निघून जाणं) मधला, बसचा. ‘ते’ म्हणजे जिचं नुकसान होणार ती. मराठीत आपण ‘तुझी बस जाईल’ म्हणतो तेव्हा बस तुझ्या मालकीची नसते, चुकणार मात्र तुझीच असते. हा ‘ते’ तसाच. या दोघांची ताटातूट करता येत नाही. दोघं पुढे जातील, नाहीतर दोघं मागे चिकटून ‘बा आ इर्सेते’ होईल, जे बरोबर असलं तरी बोलताना सहसा कुणी म्हणत नाही. क्रमही पक्का, ‘से’ आधी. काही ठिकाणी बोलण्यात ‘ते से’ ऐकू येतं आणि शाळेत त्यावर लाल रेघ ओढली जाते.

शेवटचा: आईला एलेनाला सांगायचं आहे, “बूट घाल!”, आणि बुटांचं नाव न घेता नुसतं “घाल ते!”. पहिलं ‘पोन्ते लोस सापातोस’, दुसरं ‘पोन्तेलोस’. आणि वैतागून “नको घालूस ते!” म्हणायचं असलं, तर ‘नो’ पुढे येताच दोन्ही सर्वनामं क्रियापद सोडून उडी मारतात: ‘नो ते लोस पोंगास’. इथेही नकाराला लागूनच ‘ते’ आहे.